'कानाची नस सुकली' हे चूक का? आणि 'केशपेशी'तले केस कुठले?

शब्दवेडी
एका माहितीपत्रकाचं भाषांतर हातात आहे. वाचणारे पेशंट आणि त्यांच्या घरचे. मुळात 'सेन्सरीन्यूरल' हा शब्द वारंवार येतो. कोशात 'संवेदी-चेताजन्य श्रवणदोष' सापडलं, पण ते वाचून कुणालाच काही कळणार नाही. म्हणून मी लिहिलं, 'कानाची नस सुकल्यामुळे आलेलं बहिरेपण'. बोलण्यात हेच असतं. तपासनिसांनी त्यावर काट मारून शेरा दिला, 'नस बहुधा शाबूत असते, केशपेशी मेलेल्या असतात.' मग 'नस सुकणे' चूक ठरतं का? आणि 'केशपेशी' वाचून सामान्य माणूस काय समजेल?

जुना खडू
शेरा योग्यच आहे. 'नस' हा मुळातच सैल शब्द. नस दबते, नसेवर नस चढते, इंजेक्शनही नसेत देतात. रक्तवाहिनी, स्नायू, मज्जातंतू सगळं त्या एका शब्दात कोंबलंय. 'चेतातंतू' लिहा, शाळेच्या पुस्तकात येऊन गेलेला शब्द आहे. आणि 'केशपेशी' नको, 'रोमपेशी' हवं. केस डोक्यावर असतात, अंगावर असतात ते रोम.

पायवाट
खडूसर, 'चेतातंतू' परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला. 'नस' काही परका शब्द नाही, संस्कृतातल्या 'स्नसा'चा वंशज आहे. आणि अर्थानंही बरोबरच आहे. कानातला आवाज मेंदूपर्यंत नेते ती नसच. माणसाला ऐकू येत नाही म्हणजे वाटेत नस बिघडली. कारण सोपं, शब्दही सोपा. बदलायचं कशाला?

रिकीब
पायवाट, वाट बरोबर सांगितलीत, पण नसेच्या आधीचा टप्पा गाळलात आणि बहुतेक बिघाड तिथेच होतो. माझं रोजचं काम श्रवणचाचण्यांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पडदा हलतो, हातोडा-ऐरण-रिकीब हलतात, रिकीब आतल्या कानातल्या शंखासारख्या कॉक्लियातल्या द्रवाला धक्का देते. इथपर्यंत सगळी निव्वळ हालचाल आहे, आणि नसेला हालचाल कळत नाही. हालचालीचा विद्युत संकेत करून देणाऱ्या पेशी म्हणजेच या केशपेशी. प्रत्येकीच्या डोक्यावर ताठ तंतूंचा तुरा असतो. तंतू जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या उंचीचे, आणि आखूड तंतूचा शेंडा शेजारच्या उंच तंतूला एका अतिसूक्ष्म धाग्यानं बांधलेला. तुरा उंच बाजूला कलला की धागे ताणले जातात आणि तंतूंच्या शेंड्यांवरची दारं उघडतात. बाहेरचा द्रव पोटॅशियमनं भरलेला आणि सुमारे ८० मिलिव्होल्टनं धन असतो, पेशीचं आतलं अंग ऋण. त्यामुळे दार किलकिलं झालं तरी पोटॅशियम आत घुसतं. पेशीच्या तळाशी ग्लुटामेट हे रसायन सुटतं, आणि तेव्हा कुठे नसेला खबर लागते. अगदी मंद आवाजाला हा तुरा एखाद्या अणूच्या रुंदीइतकाच कलतो.

हे तुरे किंवा पेशी मोडल्या की नस धडधाकट असूनही तिला सांगणारं कुणी उरत नाही. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात.

शब्दवेडी
म्हणजे तारेवरच्या टपालखात्यात तार शाबूत आणि तारबाबूच जागेवर नाही. पण पेशंटच्या दृष्टीनं फरक काय पडतो?

रिकीब
फार पडतो. 'नस सुकली' ऐकलं की घरचे समजतात, आता काही करता येणार नाही. पण कॉक्लियर इम्प्लांट चालतं ते नसेच्याच जोरावर. कॉक्लियात सरकवलेली इलेक्ट्रोडची तार मेलेल्या केशपेशींना वगळून थेट नसेला विजेचे ठोके देते. नस खरोखर नाहीशी झाली असती तर त्या ठोक्यांना काही अर्थ नव्हता. एका शब्दापायी माणसं उपचाराच्या वाटेलाच जात नाहीत, म्हणून शेरा महत्त्वाचा.

सदाफुली
चांगली माहिती. एक विचारायचं होतं. वडिलांच्या कानातले केस फार वाढलेत, ते कापले तर ऐकू कमी येईल का? की आता त्यांना कमी येतं ते या केसांमुळेच?

रिकीब
नाही हो, ते केस कानाच्या तोंडाशी असतात, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. कापले तरी ऐकण्यात फरक पडणार नाही. आणि नव्यानं ऐकू कमी येत असेल तर आधी कोणाला तरी कानात बघू द्या. मळ घट्ट बसला असेल तर तो काढल्यावर फरक लगेच कळतो. काडी मात्र घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो.

शब्दवेडी
सदाफुली, तुमच्या प्रश्नानं माझं काम सोपं केलंत. 'केशपेशी' वाचून लोकांना नेमकं हेच वाटणार.

जुना खडू
म्हणूनच 'रोमपेशी'.

मात्रा
सर, रोम म्हणजेही केसच. आणि हे तंतू केसच नाहीत, पेशीच्याच अंगाची बोटं आहेत. आत अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन भरलेलं. मुळातल्या नावातच केसांची चूक आहे, ती मराठीत आणायची सक्ती कशाला? रिकीब यांनी वर 'तुरा' लिहिलाय. 'तुरापेशी' म्हणा.

जुना खडू
'तुरापेशी'चा समास कानाला खटकतो. असा शब्द एकट्यानं रुजवता येत नाही.

शब्दवेडी
माहितीपत्रकात नमुना म्हणून एक आलेखही आहे, कोणत्या स्वराचा किमान किती मोठा आवाज ऐकू येतो याचा. २५० आणि ५०० हर्ट्झला २० डेसिबल, १००० ला २५, २००० ला ४५, ४००० ला ६५, ८००० ला ७०. खाली ओळ आहे, 'पेशंटला ऐकू येते परंतु ऐकू येत नाही.' मुळात दोन वेगळी क्रियापदं होती, मराठीत दोन्ही 'ऐकणे'च झाली.

रिकीब
या आलेखावर 'शाल' म्हणून बघा. 'आ' आणि 'ल' यांचा जोर मुख्यतः १००० हर्ट्झच्या खाली. बोलण्यात 'आ' ४० डेसिबलच्या पुढे असतो, आणि या माणसाचा उंबरठा, म्हणजे ऐकू येऊ लागण्याची पातळी, तिथे २० ते २५. म्हणून 'आ' स्वच्छ ऐकू येतो. 'श'चा जोर २००० ते ४००० च्या पट्ट्यात, 'स'चा त्याहून वर. 'स' कानाशी ३० च्या आसपास पोचतो आणि तिथे उंबरठा ६५. त्यामुळे 'साल', 'शाल', 'ताल', 'चाल', 'काल' यांतलं व्यंजन पुसट होतं किंवा गळतं, हाती उरतं '-आल'. कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. अशी माणसं 'पुटपुटू नका' म्हणतात, 'मोठ्यानं बोला' नव्हे.

उंच स्वर आधी जाण्याचं कारण कॉक्लियाच्या रचनेत आहे. सुमारे ३५ मिलिमीटरचा पट्टा, त्याचं रिकिबीजवळचं टोक उंच स्वरांना हलतं, आतलं टोक खर्जाला. वय आणि मोठे आवाज यांची झळ उंच स्वरांच्या बाजूला आधी लागते.

मात्रा
मग 'आवाज येतो, शब्द कळत नाहीत' लिहा. आणि 'बहिरेपण'सुद्धा काढा. 'बधिर'चा 'बहिरा' झाला आणि मराठीत त्याचा अर्थ काहीच ऐकू न येणारा असाच घेतात. या माणसाला अर्धा संवाद ऐकू येतोय.

पायवाट
'बहिरेपण' काढलंत तर लोक माहितीपत्रक उचलणारच नाहीत. 'थोडं बहिरेपण', 'ठार बहिरा' असं आपण म्हणतोच की. पण एक सांगा, हीच माणसं मोठ्यानं बोललं की 'ओरडतोस कशाला' म्हणून का खेकसतात? ऐकू कमी, तर मोठं चालायला हवं ना?

रिकीब
केशपेशी दोन जातींच्या असतात. आतल्या रांगेत साधारण ३५००, नसेला बहुतेक सगळी खबर त्याच देतात. बाहेरच्या तीन रांगांत १२,००० च्या आसपास. त्या स्वतः लांब-आखूड होऊन पट्ट्याची हालचाल वाढवतात, तीही मंद आवाजाचीच. मोठ्या आवाजाला त्यांची मदत लागत नाही. बिघाडात बहुधा या बाहेरच्या आधी जातात. मग मंद आवाज हरवतो, मोठा मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो.

४००० हर्ट्झला निरोगी कानाकडे शून्यापासून सुमारे १०० डेसिबलपर्यंत जागा असते. वरच्या माणसाकडे ६५ ते १००, म्हणजे ३५ च उरली. ३० च्या 'स'मध्ये ३५ ची भर घातली की तो जेमतेम उंबरठ्यावर येतो. तीच भर ९० च्या भांड्याच्या आवाजात घातली तर १२५, असह्य. म्हणून श्रवणयंत्र मंद आवाजाला जास्त आणि मोठ्याला कमी वाढवतं. बाहेरच्या पेशींचं दुसरं काम स्वर नेमका वेगळा काढण्याचं. ते यंत्रानं भरून येत नाही. जवळजवळचे दोन स्वर एकमेकांत मिसळतात, गोंगाटात शब्द मिसळतात. यंत्र लावूनही गाणं 'धुरकट' लागतं म्हणतात ते यामुळे.

पायवाट
समजलं. मग तपासनीस थेट 'केशपेशींचं बहिरेपण' असंच का नाही म्हणत? मुळात 'न्यूरल' आहेच ना?

रिकीब
रास्त प्रश्न. वरचा आलेख एकट्यानं ते सांगू शकत नाही. कानामागच्या हाडावर कंपक लावूनही आकडे तेच आले तर एवढंच ठरतं की पडदा आणि हाडं ठीक आहेत, दोष त्यापुढचा. पेशी की नस ते पाहायला इतर चाचण्या लागतात. बाहेरच्या पेशी जिवंत असतील तर कान उलट बारीक आवाज काढतो. हे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं, त्यावरची चाचणी म्हणजे ओएई. बेरा चाचणीत नसेतून मेंदूच्या खोडाकडे जाणारे संकेत कवटीवरून टिपतात. ओएई आहे आणि बेरा नाही, तर दोष आतल्या पेशी, त्यांचा नसेशी जोड किंवा नस यांत. बेरा बिघडली आणि ओएईही नाही, तर बहुधा पेशी. म्हणून मूळ शब्दात दोन्ही नावं जोडून ठेवलीत.

मात्रा
आणि नस अगदीच निर्दोष नाही, हे लिहायला हवं. उंदरांवरच्या २००९ च्या कामात दिसलं की मोठ्या आवाजानंतर उंबरठा पूर्ववत झाला, केशपेशी टिकल्या, पण आतल्या पेशी आणि नस यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटले. पुढे त्या नसेचे तंतूही हळूहळू मेले. माणसात हे किती घडतं यावर वाद आहे. पण 'नस सुकणे' शंभर टक्के खोटं म्हणता येत नाही.

पायवाट
म्हणजे लोक अगदीच चुकत नव्हते.

रिकीब
कारण म्हणून चुकत होते, शेवट म्हणून थोडे बरोबर. पेशी गेल्यावर नसेचे काही तंतूही वर्षानुवर्षांत कमी होतात, तरी इम्प्लांटला पुरतील इतके बहुधा उरतात.

शब्दवेडी
मग असं लिहिते : 'कानाच्या आतल्या भागात, आवाज टिपणाऱ्या पेशींमध्ये किंवा क्वचित नसेमध्ये दोष असल्यामुळे कमी ऐकू येणे'. 'केशपेशी' पहिल्यांदा येईल तिथे 'तुरा असलेल्या पेशी', पुढे नुसतं 'पेशी'.

जुना खडू
'नसेमध्ये' राहिलंच! चेतातंतू.

मात्रा
आणि 'कानाच्या आतल्या भागात' म्हटलं तर नस आत धरायची की बाहेर? ती आतल्या कानातून निघून मेंदूच्या खोडापर्यंत जाते.

सदाफुली
वडिलांच्या कानात मळच निघाला. रिकीब, आभार. कॉक्लियाला 'शंखिका' चालेल का? मला तो शब्द आवडला होता.