एक्सेलमध्ये रॅप टेक्स्ट करूनही ओळ कापली जात असेल तर
"रॅप टेक्स्ट केलं तरी पत्त्याची खालची ओळ कापली जातेय, रो वाढतच नाही"

तो सेल मर्ज केलेला आहे का ते आधी बघा, कारण रो हाइट ठरवताना एक्सेल मर्ज सेलकडे बघतच नाही. मर्ज काढा, कॉलम विड्थ 35 च्या आसपास ठेवा आणि डावीकडे रो नंबरच्या खालच्या रेघेवर डबल क्लिक करा. मर्ज नसेल तर कोणीतरी हाइट हाताने सेट केलेली असणार, तिथेही हेच डबल क्लिक चालतं. पत्त्यासाठी Shrink to fit च्या नादी लागू नका, रॅप चालू असताना तो चालत नाही आणि रॅप काढून लावलात तर अख्खा पत्ता एका ओळीत कोंबायला अक्षर इतकं बारीक होतं की प्रिंटवर वाचता येत नाही. मोबाइल नंबरला मात्र तो बरा, #### दिसत नाही.