मदत हवी आहे: मॉस्को पद्धतीने यादी लावली, पण २३ पैकी १७ कामे ‘मस्ट’मध्येच बसली

डबा_चमू_इंदूर

नमस्कार. आम्ही इंदूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील तिसऱ्या वर्षाचे पाच विद्यार्थी असून सत्राच्या प्रकल्पासाठी एक लहान अ‍ॅप तयार करत आहोत. भंवरकुआ भागात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना घरगुती डबा देणाऱ्या एका काकूंसाठी ते आहे. त्यांचे रोज साधारण ६० डबे जातात. ज्याला दुसऱ्या दिवशी डबा नको असेल तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तसे लिहितो, काकू रात्री ते सगळे वाचून वहीत त्या नावापुढे फुली मारतात, आणि शुभेच्छांच्या गर्दीत एखादा निरोप निसटला की महिनाअखेरीस हिशोबावरून वाद होतो.

आमच्याकडे पाच आठवडे आहेत. प्रत्येकाचे आठवड्याला आठ तास धरले तर एकूण २०० तास होतात. मार्गदर्शक सरांनी कामांची यादी मॉस्को पद्धतीने, म्हणजे अग्रक्रमानुसार मस्ट (अत्यावश्यक), शुड (असायला हवे), कुड (जमले तर) आणि वोन्ट (नाही) अशा चार भागांत लावायला सांगितली. आम्ही बसून २३ कामे काढली, परंतु त्यातली १७ मस्टमध्ये गेली आणि त्यांचेच अंदाजे १६८ तास झाले. ओटीपीने प्रवेश, डबा रद्द करणे, काकूंना सकाळची संख्या दिसणे, मासिक बिल, ऑनलाइन पैसे, सूचना, आठवड्याचा मेनू, तक्रार नोंदवणे हे सर्व त्यात आहे. खरे सांगायचे तर ज्याने जे काम सुचवले त्याला ते अत्यावश्यकच वाटते, आणि एकमेकांचे काम खाली ढकलणे अवघड जाते. मतदान घेऊन पाहिले, तरीही १५ कामे मस्टमध्येच राहिली. छाटणी कोणत्या कसोटीवर करावी?

नर्मदाकाठ

यात एवढे अडण्यासारखे काही नाही. मस्टमध्ये ६० टक्क्यांहून अधिक काही ठेवायचे नाही, हा या पद्धतीचा नियमच आहे. तुमची २३ कामे आहेत, म्हणजे मस्टमध्ये जास्तीत जास्त १३ ठेवा, चार कामे चिठ्ठ्या टाकून खाली उतरवा आणि कामाला लागा. वोन्टमध्ये जे जाईल ते यादीतून कायमचे पुसून टाका, म्हणजे पुन्हा त्यावर चर्चा होणार नाही.

मेसवाली_ग्वाल्हेर

मी ग्वाल्हेरला गेली नऊ वर्षे मेस चालवते, म्हणून शीर्षक नीट न वाचताच धागा उघडला. मला वाटले की डब्याच्या धंद्याबद्दल मदत हवी आहे. तुमच्या त्या चार खणांतले मला काही कळत नाही, पण काकूंच्या वतीने एक सांगते. अ‍ॅप करा किंवा करू नका, मुलांना रात्री नऊनंतर डबा रद्द करू देऊ नका. राजमा आणि छोले मी रात्रीच भिजत घालते, आणि ते किती घालायचे हे त्याच वेळी ठरते. माझ्याकडची मुले रात्री साडेबाराला ‘आंटी, कल नहीं’ असे पाठवून निवांत झोपतात आणि मी मात्र भिजवलेल्या कडधान्याकडे पाहत बसते. नऊनंतर कळवले तर त्या दिवसाचे पैसे लागतील, एवढे जरी तुमच्या यंत्राने बजावले तरी पुष्कळ झाले.

बडोदेकर_विश्लेषक

मी बडोद्यात सॉफ्टवेअरच्या गरजा लिहिण्याचे काम बरीच वर्षे करत आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम नर्मदाकाठ यांच्या ६० टक्क्यांबद्दल. आकडा बरोबर आहे, पण तो कामांच्या संख्येला लावायचा नसून त्यांना लागणाऱ्या श्रमाला, म्हणजे तुमच्या बाबतीत तासांना, लावायचा असतो. दोन तासांचे काम आणि २६ तासांचे काम यांना एकेक धरून मोजले तर त्या टक्केवारीला अर्थ उरत नाही. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ऑरॅकलमध्ये असताना ही विभागणी मांडली आणि पुढे डीएसडीएम या कार्यपद्धतीने ती उचलली. तेथे तारीख हलत नाही, कामांची व्याप्ती हलते. मस्ट साठ टक्क्यांच्या आत आणि कुड वीस टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे कारण तेच आहे, कारण अंदाज चुकला, कोणी आजारी पडले किंवा सर्व्हर रुसला की आधी कुडमधली आणि मग शुडमधली कामे सोडून तारीख सांभाळता येते. तुमच्या १६८ तासांच्या मस्टमध्ये एक जण आठवडाभर तापाने पडला तर सोडायला जवळजवळ काहीच नाही. वोन्टचा अर्थही ‘कधीच नाही’ असा नसून ‘या खेपेला नाही’ असा आहे. ती यादी पुसू नका, उलट काकूंना दाखवा, म्हणजे पाचव्या आठवड्यात ‘ऑनलाइन पैशांचे काय झाले’ हा प्रश्न येणार नाही.

आता कसोटी. ‘हे महत्त्वाचे आहे का’ असे विचारले की उत्तर नेहमी होय असेच येते, त्यामुळे मतदानाने तुमचे काही साधले नाही. प्रश्न असा विचारा: शेवटच्या दिवशी बाकी सर्व तयार आहे आणि एवढे एकच काम राहिले आहे, तर अ‍ॅप काकूंच्या हाती द्यायचे की नाही? ‘देऊ, काही दिवस हाताने भागवता येईल’ असे उत्तर आले, तर ते भागवणे कितीही कंटाळवाणे असो, काम मस्ट नाही. मेनू काकू आजही ग्रुपवर टाकतात, तक्रार तर फोनवरच येते आणि पैसे आजही मिळतातच. ही तिन्ही कामे पहिल्या फेरीतच बाहेर पडतील.

उरलेल्यांपैकी मोठी कामे फोडून पाहा, कारण एका मोठ्या कामाच्या पोटात मस्ट आणि वोन्ट शेजारी शेजारी बसलेले असतात. ‘मासिक बिल’ हे एक काम नव्हे. कोणी किती दिवस डबा घेतला याची मोजणी वेगळी, त्याला दराने गुणून रक्कम काढणे वेगळे आणि त्याची पीडीएफ पाठवणे वेगळे. वाद दिवसांवरून होतो, म्हणून मोजणी मस्ट आहे. गुणाकार काकू चुटकीसरशी करतील. प्रवेशाचेही तसेच आहे. काकू आपल्या साठ जणांना तोंडओळखीने ओळखतात. त्यांनी नावे भरून प्रत्येकाला एक संकेतांक दिला तर या खेपेपुरते पुरेल. स्वतःच्या नावाने ओटीपीचे एसएमएस पाठवायचे झाल्यास डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत नोंदणी करून संदेशाचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्याला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नसते.

याउलट मेसवाली ताईंनी जे सांगितले ते तुमच्या यादीत कोठे आहे हे पाहा. विषय त्यांनी वेगळा समजला असला तरी या धाग्यातील सर्वात कामाची गोष्ट त्यांनीच सांगितली आहे. आणखी एक शंका: प्रकल्पाचा अहवाल आणि सादरीकरण यांचे तास २०० मध्ये धरले आहेत का?

डबा_चमू_इंदूर

सर्वांचे आभार. काल रात्री पुन्हा बसलो. रद्द करण्याची वेळमर्यादा आमच्या यादीत होती, पण चार तासांचे किरकोळ काम म्हणून ती कुडमध्ये टाकली होती. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “ती नसेल तर मग माझी वहीच बरी.” त्यामुळे ती थेट मस्टमध्ये आली.

अहवाल आणि सादरीकरण आम्ही धरलेच नव्हते. त्यांना २४ तास काढले तर अ‍ॅपसाठी १७६ उरतात आणि साठ टक्क्यांची मर्यादा १०५ तासांच्या आसपास येते. कामे फोडून कसोटी लावल्यावर मस्टमध्ये आता एवढेच आहे: संकेतांकाने प्रवेश १० तास, वेळमर्यादेसह डबा रद्द करणे २४, काकूंची सकाळची संख्या १४, दिवसांची मोजणी १६, सर्व्हर आणि डेटाबेस १८, काकूंच्या स्वतःच्या फोनवर चाचणी आणि दुरुस्त्या १८. बेरीज १०० होते, म्हणजे १७६ च्या जवळपास ५७ टक्के. सूचना शुडमध्ये गेल्या. ज्या मित्राने त्या सुचवल्या होत्या तो थोडा नाराज आहे, पण प्रश्न त्यालाच वाचायला दिला आणि उत्तर त्यानेच दिले, त्यामुळे भांडण झाले नाही.

एक गोष्ट अजून कळत नाही. दिवसांची मोजणी मस्ट असेल तर ती पहिल्या पंधरवड्यातच करायला हवी का?

बडोदेकर_विश्लेषक

नाही. अग्रक्रम कोणत्या मुदतीसाठी लावला आहे हे प्रत्येक यादीच्या डोक्यावर लिहा. संपूर्ण प्रकल्पासाठी जे मस्ट आहे ते पहिल्या पंधरवड्यासाठी वोन्ट असू शकते. पहिल्या दोन आठवड्यांत रद्द करणे आणि सकाळची संख्या एवढेच उभे राहिले तरी काकूंना वहीच्या जोडीने वापरून पाहता येईल, आणि मोजणीला लागणाऱ्या नोंदी त्यातूनच जमा होतील. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मस्टचे निम्मे तासही पूर्ण झाले नसतील, तर त्याच दिवशी कुड पूर्ण सोडा.

उशिरा_आलेला

ओटीपीबद्दल माझे मत वेगळे आहे. तयार सेवा वापरली तर एसएमएसची नोंदणी तुम्हाला स्वतः करावी लागत नाही. शिवाय संकेतांक मित्राला सांगून कोणीही दुसऱ्याचा डबा रद्द करू शकेल. साठ टवाळ मुलांच्या हाती हे जाणार असेल तर मी प्रवेश नीट करण्याला मस्टच म्हणेन.

बडोदेकर_विश्लेषक

तयार सेवेने नोंदणीचा प्रश्न सुटेल, हे मान्य. मात्र आज ग्रुपवर कोणीही कोणाच्याही वतीने लिहू शकतो आणि तरीही काकूंचे चालले आहे. धोका आहे, पण तो मस्ट ठरवण्याइतका आहे का, याबद्दल आपले एकमत होईलसे दिसत नाही.

नर्मदाकाठ

तासांचे ध्यानात आले, माझी गल्लत झाली होती. पण गुण काकू देणार नाहीत, सर देणार आहेत. सरांना ओटीपी हवा असेल तर?

डबा_चमू_इंदूर

नेमके तेच झाले आहे. आज सरांना यादी दाखवली तेव्हा ‘ओटीपीशिवाय अ‍ॅप कसले’ असे ते म्हणाले. आमच्या अंदाजाने तयार सेवा वापरूनही त्याला २६ तास लागतात, म्हणजे संकेतांकापेक्षा १६ अधिक. मग मस्ट ११६ तासांवर, जवळपास ६६ टक्क्यांवर जाते. सोमवारी त्यांच्यापुढे तासांचा तक्ता ठेवणार आहोत. त्यांनी तरीही आग्रह धरला तर तेवढ्याच १६ तासांची दिवसांची मोजणी खाली उतरवावी लागेल. मोजणी नसलेले अ‍ॅप काकू वापरतील का, हे विचारायला आज संध्याकाळी डबा आणायला जाताना मीच थांबणार आहे.