मदत हवी आहे: 'फक्त ९८ कॅलरीज' लिहिलेल्या चिवड्याच्या पाकिटाचा हिशोब लागंना

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. सासूबाईंना शुगर आहे, वजनही वाढलंय, आहारतज्ज्ञ मॅडमनी दिवसाला १५०० कॅलरी आणि संध्याकाळच्या खाण्याला साधारण १५० असं बांधून दिलंय. आता चहाबरोबर त्यांना चटकदार काहीतरी लागतंच, म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानातनं डाएट चिवडा आणला. पुढं हे मोठं 'फक्त ९८ कॅलरीज', त्याखाली 'बेक्ड' आणि '४०% कमी फॅट*'. मागं बघितलं तर १०० ग्रॅमला ४९० कॅलरी! प्रोटीन ९, कार्बोहायड्रेट ६०, त्यातली साखर ६, फॅट २४, सोडियम ७८० मिग्रॅ. पाकीट १६० ग्रॅमचं. मग ९८ कुठनं आले? आणि त्यांना रोज वाटीभर दिला तर चालंल का? कुणीतरी नीट समजावून सांगा, आमच्यात रोज यावरनं वाद चाललाय.

दसराचौक
ताई, टेन्शन घेऊ नका. मागं आरडीए म्हणून टक्क्यांचा रकाना असतो तो बघायचा. पाच टक्क्यांच्या आत असेल तर कमी, वीसच्या वर गेलं तर जास्त, सोपं आहे. आणि साखर ६ च ग्रॅम आहे म्हणजे शुगरवाल्यांना बिनधास्त चालतंय.

रंकाळाकाठ
तो रकाना आहे की, एनर्जीपुढं ५% लिहिलंय आणि सोडियमपुढं ८%. म्हणजे चांगलंय म्हणायचं?

मापातपाप
थांबा जरा. मी एमआयडीसीत फरसाणच्या युनिटला क्वालिटीत काही वर्षं काढलीत, त्यामुळं हे पाकीट कसं तयार होतं ते आतनं माहितेय.

पाकिटावर कुठंतरी बारीक अक्षरात 'सर्व्हिंग साइज' असेल, ते शोधा. माझ्या अंदाजानं २० ग्रॅम निघंल, कारण ४९० चा पाचवा हिस्सा बरोबर ९८. म्हणजे पुढचा आकडा खोटा नाही, फक्त तो पाकिटाचा नाही आणि तुमच्या वाटीचाही नाही. २० ग्रॅम चिवडा म्हणजे चहा उकळेपर्यंत उभ्या उभ्या तोंडात टाकतो तेवढा. आपल्याकडं बहुतेक पदार्थांचं सर्व्हिंग किती धरायचं ते कंपनीच ठरवते. अमेरिकेत कुठल्या पदार्थाला किती धरायचं याचे आकडे सरकारनं ठरवून दिलेत, तसं आपल्याकडं नाही. मग २० धरलं की ९८ येतात, ३० धरलं की १४७ होतात. पुढं छापायला कुठला आकडा बरा दिसतो ते तुम्हीच सांगा.

दसराचौक, रकाना बघायचा हे बरोबर, पण ते टक्के सुद्धा त्या २० ग्रॅमचेच असतात, आणि दिवसाला २००० कॅलरी धरून काढलेले. आजींना १५०० सांगितल्यात. सर्व्हिंग लहान केलं की कुठलाही तळलेला पदार्थ पाच टक्क्यांत बसवता येतो.

रंकाळाकाठ
बरोब्बर, २० ग्रॅमच लिहिलंय, तेही पाकीट चिकटवलेल्या घडीच्या आत! आणि 'अंदाजे ८ सर्व्हिंग'. आमच्याकडं वजनकाटा नाही हो, वाटीत किती बसतंय कसं कळणार?

मापातपाप
काट्याची गरज नाही, नवीन पाकीट फोडलं की सगळा चिवडा तुमच्या रोजच्या वाटीनं मोजून डब्यात भरा. समजा तीन वाट्या भरून थोडा उरला, तर एक वाटी साधारण ५० ग्रॅमची. ४९० चे निम्मे २४५. म्हणजे संध्याकाळचे १५० तर गेलेच, वर जवळजवळ शंभर. सोडियम ३९० मिग्रॅ, म्हणजे साधारण एक ग्रॅम मीठ एका वाटीत, आणि दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅम धरतात. बीपी असंल तर हा आकडा कॅलरीपेक्षा आधी बघा. आख्खं पाकीट ७८४ कॅलरीचं, म्हणजे त्यांच्या दिवसाच्या निम्म्याहून जास्त.

१५० मध्ये बसवायचं तर ३० ग्रॅम, अर्ध्या वाटीहून जरा जास्त. आणि पाकिटातनं थेट खायचं नाही, हे महत्त्वाचं.

तालीमगडी
भावांनो, मी तर सर्व्हिंग बिर्व्हिंग बघतच न्हाई, सरळ १०० ग्रॅमचा रकाना बघतो. दोन डबे शेजारी ठेवायचे, एकाचं सर्व्हिंग १५ आणि दुसऱ्याचं ३२, कशी तुलना करणार? माझ्या पीनट बटरवर दोन चमचे म्हणजे ३२ ग्रॅम लिहिलंय, पण आमचा चमचा शिगोशिग भरतोय, तालमीतनं आल्यावर कोण सपाट करत बसतंय. बाकी प्रोटीन ९ म्हणजे कमीच की, आजींना शेंगदाणे द्या, लई भारी.

मापातपाप
दोन पाकिटांत निवड करायची असंल तर १०० ग्रॅमचाच रकाना, तुमचं शंभर टक्के खरं. पण पोटात किती गेलं ते वाटीवरनंच ठरणार, १०० ग्रॅम कोण खातंय. शेंगदाण्याला तर १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, वजन वाढवायचं असलेल्या गड्याला ठीक.

दसराचौक
बरं, सर्व्हिंगचं मान्य. पण ४०% कमी फॅट तर खरं ना? आणि साखर कमी आहेच.

मापातपाप
त्या चांदणीची तळटीप वाचा, 'आमच्या तळलेल्या चिवड्याच्या तुलनेत' असं काहीतरी असणार. तळलेल्यात ४० ग्रॅम फॅट धरलं तर ह्यात २४, चाळीस टक्के कमी, हिशोब चोख. पण फॅट कमी झालं की त्या जागी पोहे वाढतात, म्हणजे कार्ब वाढतं. तळलेला साधारण ५८० कॅलरीचा, हा ४९० चा, म्हणजे कॅलरी कमी पंधरा टक्क्यांच्या आसपासच. बेक्ड असून २४ ग्रॅम फॅट कसं, तर शेंगदाणे, खोबरं आणि वरनं फवारलेलं तेल. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, तेल कितव्या नंबरला आहे ते बघा.

पडताळा करायचा तर फॅट गुणिले ९, कार्ब आणि प्रोटीन गुणिले ४. २१६, २४० आणि ३६, बेरीज ४९२, पाकिटावर ४९०. जुळतंय. फायबर जास्त असंल तर थोडा फरक पडतो, पण पन्नास शंभराचा फरक दिसला तर शंका घ्या.

शुगरच्या बाबतीत साखर ६ बघून गप्प बसू नका. ६० ग्रॅम कार्ब आहे, त्यात पोह्यांचा स्टार्च, तो पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतोय. 'नो ॲडेड शुगर'चंही तेच.

भडंगवाली
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, आमच्या बचत गटाचं भडंग आहे, आम्ही पाव किलोच्या पिशव्या करतो, त्यावर सर्व्हिंग किती टाकायचं? लहान टाकलं की खप वाढतो असं एकजण म्हणाला.

मापातपाप
ताई, नियम वेगळे लागतात, वेगळा धागा काढा, लिहितो तिथं. पण ३० तरी टाका, लोक मूठभर खाऊन थांबत नाहीत.

रंकाळाकाठ
पाकीट फोडून मोजलं. तीन वाट्या भरल्या आणि चौथीत तळाला थोडा राहिला. आता त्यांना अर्ध्या वाटीहून जरा जास्त देते, सोबत काकडी. त्यांचं म्हणणं एवढ्यानं भागत नाही, त्यापेक्षा घरी साध्या चुरमुऱ्याला तेलाची फोडणी देऊन करू. पण आपली फोडणी अंदाजानं, तेल किती पडतंय कुणाला माहीत. चमच्यानं मोजून तेल घालणारं कुणी आहे का इथं? आणि शुगरला चुरमुरे बरे का पोहे, यावर मॅडमना विचारायचं राहिलंय, कुणाचा अनुभव असंल तर सांगा.

दसराचौक
चुरमुरे हलके असतात ओ, कितीही खावा.

मापातपाप
वाटीत हलके, काट्यावर नाही. १०० ग्रॅमला तेही साडेतीनशेच्या पुढंच. फक्त वाटीत कमी वजनाचे बसतात, तेवढाच फायदा. शुगरचं मॅडमनाच विचारा.