‘सेड टू कंटेन’ला मराठीत काय म्हणावं? (हळदीचा पहिला कंटेनर, बी/एलचा मसुदा)

गिरडचा हळदवाला
आमच्या शेतकरी गटाचा पहिला कंटेनर दुबईच्या जबेल अली बंदराला चाललाय. वायगावची हळकुंडं, २५ किलोची ५६० पोती. कंटेनर आमच्याच गोदामावर भरला, सील लावलं, आता नागपूरच्या आयसीडी या कंटेनर डेपोतून रेल्वेनं न्हावा शेवाला जाईल. एजंटनं बी/एलचा, म्हणजे जहाज कंपनी मालासाठी देते त्या पावतीचा मसुदा पाठवलाय आणि उद्या दुपारपर्यंत ‘कन्फर्म’ करा म्हणतो. त्यात एक ओळ अशी आहे: ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट. एक वीस फुटी कंटेनर, सेड टू कंटेन ५६० बॅग्ज.’ म्हणजे ‘आत ५६० पोती आहेत म्हणे’! आम्ही पोतं न् पोतं मोजून भरलं, मग कंपनीला शंका कशाची? हे वाक्य काढून टाकायला सांगू का? आणि याला नीट मराठी शब्द कोणता?

वरुडवाला
आमच्याकडं याले बिल्टीच म्हंतेत भाऊ. संत्रा बांगलादेशले जाते तवा ट्रकवाला एकेक कॅरेट मोजून घेते, मंगच बिल्टीवर सही करते. तुमच्या कंपनीनं मोजलं नाही तं सही कशाची केली? मोजून घ्या म्हना त्याईले.

शब्दवेडा
‘सेड टू’साठी ‘कथित’ हा शब्द आहे. ‘कथित ५६० पोती’.

जुना कारकून
‘कथित’ नको हो. पेपरात कथित घोटाळा असतो, हळद कशाला कथित करता? ‘शिपरच्या सांगण्यानुसार आत ५६० पोती’ असं म्हणा, अर्थ बरोबर बसतो.

वरुडवाल्या भाऊंच्या बोलण्यातच उत्तर आहे. ट्रकवाल्याच्या डोळ्यांपुढे माल चढतो, म्हणून तो मोजतो आणि मोजल्याची सही देतो. इथे जहाज कंपनीच्या हाती बंद आणि सील लावलेली पेटी आली. माल तुम्ही भरला, रचला, मोजला, आणि ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’चा अर्थ तेवढाच. कंपनी कबूल काय करते? अमुक नंबरचा कंटेनर, अमुक नंबरचं सील, बाहेरून ठीक. उद्या जबेल अलीला सील शाबूत निघालं आणि आत ५५२ पोती भरली, तर कंपनी हात झटकणार. तुम्ही आणि तुमचा ग्राहक पाहून घ्या. सील तुटलेलं किंवा बदललेलं असेल तर मात्र तिला जाब विचारता येतो. म्हणून त्या ओळीपेक्षा सीलचा नंबर दहादा तपासा. बी/एल, पॅकिंग लिस्ट आणि कंटेनरच्या दारावर काढलेला फोटो, तिन्हीकडे तोच हवा.

गोदामावर भरलेल्या पूर्ण कंटेनरला ही ओळ येतेच. काढायला सांगितलंत तर एजंट हसेल.

वर्धेकर सीए
थांबा. अशा शेऱ्यानं बी/एल ‘क्लीन’ राहत नाही. बँक कागद परत करेल.

जुना कारकून
सीएसाहेब, बँकेला क्लीन बी/एल लागते हे खरं. पण ‘क्लीन नाही’ म्हणजे माल किंवा पॅकिंग खराब असल्याचा स्पष्ट शेरा: ‘पोती फाटलेली’, ‘पोती ओली’. ‘सेड टू कंटेन’मध्ये खराबी कुठे आहे? एलसीचे, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावरचे व्यवहार ज्या यूसीपी ६०० नियमांवर चालतात, त्यांच्या कलम २६ मध्ये असा मजकूर चालतो हे सरळ लिहिलंय.

हळदवाले, वजनाच्या ओळी इथे उतरवा बरं. पहिल्या शिपमेंटला घोळ तिथे होतो.

गिरडचा हळदवाला
पॅकिंग लिस्ट:
पोती १ ते ३००: नेट ७,५०० किलो, ग्रॉस ७,५४५ किलो
पोती ३०१ ते ५६०: नेट ६,५०० किलो, ग्रॉस ६,५३९ किलो
एकूण: नेट १४,०००, ग्रॉस १४,०८४

बी/एलच्या मसुद्यात ग्रॉस वेट १४,००० किलो. आणि व्हीजीएमच्या कागदावर १६,३४०. माल एक, वजनं तीन. ‘ग्रॉस’ नक्की कशाला म्हणायचं?

वर्धेकर सीए
व्हीजीएम काट्यावरचं असतं, तेच खरं. बी/एलवर १६,३४० घाला. नाहीतरी ८४ किलोनं काय बिघडतं?

जुना कारकून
१६,३४० अजिबात घालू नका. नेट म्हणजे नुसती हळद. ग्रॉस म्हणजे हळद अधिक पोतं. तुमचं रिकामं पोतं अस्तरासकट १५० ग्रॅमचं दिसतंय, ५६० पोत्यांचे ८४ किलो झाले. व्हीजीएममध्ये त्यावर रिकाम्या कंटेनरचं वजन येतं. ते दारावरच रंगवलेलं असतं. शिवाय आत अंथरलेला कागद आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या. जहाजावर कुठला डबा कुठे ठेवायचा हे ठरवायला ते वजन लागतं, २०१६ च्या जुलैपासून सक्तीचं आहे. बी/एलमधल्या ग्रॉसशी ते जुळायला नको, फरक कंटेनर आणि आतल्या कागदाएवढा आहे का एवढंच पाहायचं.

गिरडचा हळदवाला
दारावर २,२४० आहे. १४,०८४ मिळवले की १६,३२४. वर १६ किलो उरतात. कागद आणि पिशव्या धरल्या तर बसतं.

जुना कारकून
बसलं. म्हणजे पॅकिंग लिस्ट बरोबर आणि मसुदा चूक. कोणीतरी नेटचा आकडा ग्रॉसच्या रकान्यात टाकलाय. हे फार होतं, कारण इनव्हॉइसवर १४,००० असतं आणि टाइप करणारा तिथून उचलतो. ८४ किलोला किंमत नाही हे खरं, पण पॅकिंग लिस्टमध्ये १४,०८४ आणि बी/एलमध्ये १४,००० असलं की तिकडचा कस्टमवाला विचारणार. आज एक ईमेल केलीत की मसुदा फुकटात सुधारून मिळतो. जहाज सुटलं की तीच दुरुस्ती पैसे देऊन, आणि तोवर बी/एल ग्राहकाकडे गेली असेल तर सगळ्या मूळ प्रती परत मागवून.

वरुडवाला
म्हंजे बिल्टी नव्हे का हे?

जुना कारकून
जहाजाची बिल्टी म्हणा हवं तर. फक्त ट्रकची बिल्टी हरवली तरी ओळखीवर माल सुटतो, हिचं तसं नाही. माल घेणाऱ्याच्या रकान्यात काय आहे त्यावर सगळं आहे. हळदवाले, तिथे ग्राहकाचं नाव आहे की ‘टू ऑर्डर’?

गिरडचा हळदवाला
‘टू ऑर्डर’. ग्राहकाचं नाव खाली ‘नोटिफाय’मध्ये आहे. तेही विचारणारच होतो, कारण मला वाटलं नाव लिहायचं राहिलं.

जुना कारकून
राहिलं नाही. तुम्ही मागच्या बाजूला सही-शिक्का मारून ज्याच्या हाती मूळ प्रत द्याल, त्याला माल मिळेल. ‘नोटिफाय’वाल्याला फक्त जहाज आल्याचा निरोप जातो, त्या नावावर माल मिळत नाही. पैसे बँकेमार्फत कागदांवर येणार असतील तर असंच हवं. तीन मूळ प्रती असतात आणि एकीवर माल सुटला की उरलेल्या दोन रद्द, म्हणून तिन्ही बँकेतच द्या. ‘नमुन्यासाठी’ म्हणून एखादी कुरियरनं पाठवू नका.

गिरडचा हळदवाला
ग्रॉसची दुरुस्ती एजंटला कळवली. पण ग्राहकाचा आताच मेसेज आला: जहाज आठवड्याच्या आत पोचतं, बँकेतून कागद यायला उशीर होतो, बंदरात कंटेनर पडून राहिल्याचं डॅमरेज लागेल, म्हणून ‘सरेंडर बी/एल’ करा.

वर्धेकर सीए
आमच्या एका अशिलानं केलं होतं. काही अडचण आली नाही, ग्राहक खूश.

जुना कारकून
सरेंडर म्हणजे मूळ प्रती इथेच कंपनीला परत द्यायच्या आणि तिनं तिकडे ‘माल सोडा’ असं कळवायचं. त्यानंतर तुमच्या हातात काही उरत नाही. पण ग्राहकही खोटं बोलत नाही. जवळच्या बंदराला कागद मागे राहतात आणि डॅमरेज खरंच चढतं. आगाऊ किती आलंय?

गिरडचा हळदवाला
तीस टक्के.

जुना कारकून
मी असतो तर बाकीचे सत्तर खात्यात दिसेपर्यंत सरेंडरची चिठ्ठी दिली नसती.

वर्धेकर सीए
आणि तो म्हणाला, आधी सरेंडर, मग पैसे?