अनुभव धागा: वाईट दिवसांसाठी स्वतःलाच लिहिलेलं पत्र

खामल्याची_सून
दिवाळीची साफसफाई करताना जुनी फाइल निघाली. तिच्यात मीच मला लिहिलेलं पत्र होतं. आमच्या वहिनीची केमो पुढल्या सोमवारी सुरू होतेय, तिनं परवाच विचारलं होतं की "तू काय लिहिलं होतंस गं?" म्हणून इथेच लिहिते. तुम्हीही अशा वर्षाआधी काही लिहून ठेवलं असेल तर सांगा.

माझं ऑपरेशन जानेवारी २०२२ मध्ये झालं, पहिला डोस ७ फेब्रुवारीला. आदल्या रात्री तीन पानं लिहिली. तू वाघीण आहेस, वगैरे. चौथ्या दिवशी मेथी निवडताना रडायला लागले ते थांबेचना. पत्र काढलं, अर्धं पान वाचलं आणि इतका राग आला की गादीखाली कोंबलं. लिहिणारी बाई धडधाकट होती, तिला काय जातंय!

पुढच्या खेपेला वॉर्डातल्या सिस्टरनी विचारलं, "रडू कितव्या दिवशी आलं?" उलटीसाठी डोससोबत जी स्टेरॉइडची गोळी देतात ती तीन दिवसांनी थांबते, आणि ती थांबली की पुष्कळांचं मन असं कोसळतं, म्हणे. म्हणजे माझं रडणं कॅलेंडरवर आधीच लिहिलेलं होतं.

दुसरं पत्र त्याआधीच सतराव्या दिवशी, तोंडाला चव आल्यावर सुरू केलं होतं. सिस्टरचं ऐकून ते पुरं केलं. एकच पान, मोठ्या अक्षरात, कारण त्या दिवसांत चार ओळींपुढे डोकं चालत नाही. ते असं:

"आधी ताप बघ. १००.४ किंवा जास्त असेल तर पत्र ठेव आणि फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी.
ताप नसेल तर आज कितवा दिवस ते बघ. तिसरा ते सहावा असेल तर हे गोळी थांबल्याचं रडू आहे. मागल्या वेळी सातव्या दिवशी दुपारी थांबलं होतं.
या चार दिवसांत काही ठरवायचं नाही. नोकरी सोडायची नाही, उपचार सोडायचे नाहीत, सासूबाईंना उत्तर द्यायचं नाही.
२३ फेब्रुवारीला तू अर्धी भाकर आणि झुणका खाल्लास, सकाळी फुटाळ्याला जाऊन आलीस. खोटं वाटत असेल तर यांना विचार."

त्या औषधाच्या उरलेल्या तिन्ही डोसांना हे पत्र चाललं. दुसऱ्या औषधाला मात्र फसलं, ते खाली लिहिते. कुकर झाला.

वऱ्हाडी_बाप्या
सासूबाईंचं कलम आमच्या घरी बाराही महिने लागू आहे 😄

धंतोलीकर
छान लिहिलंत ताई. मी म्हणेन असं पत्र रोज सकाळी वाचावं, मनावर ठसतं. आणि तापाचा एवढा बाऊ नको, एक क्रोसिन घेतली की तासात उतरतो. माझ्या भावाचं तसंच झालं होतं.

सिस्टर_मेडिकल_चौक
धंतोलीकर दादा, भावाचं निभावलं, पण कृपा करून हे कुणाला सांगू नका. या डोसांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा जंतुसंसर्गाची बाकी लक्षणं दिसतही नाहीत, ना पू ना सूज. ताप हा एकटाच निरोप असतो, आणि क्रोसिननं तुम्ही तोच पुसून टाकता. आधी फोन, मग डॉक्टर सांगतील ते. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसला तरी फोन.
ताई, तापाची ओळ सगळ्यात वर ठेवलीत हे फार बरं केलंत. रडण्याला समजावायला पत्र, पण ताप आला तर पत्र वाचत बसायचं नाही.

धंतोलीकर
बरं, चुकलो. रोज वाचायचं तरी बरोबर ना?

खामल्याची_सून
माझ्यापुरतं नाही हो. दोनदा रोज वाचलं तर रेशनकार्डासारखं वाटायला लागलं. घडी घालून डब्यात ठेवायचं.

उमरेड_रोड
माझा मुलगा यंदा नीट रिपीट करून राहिला. त्यालाही लिहायला लावू का? पोस्टानं पाठवायचं की ईमेल?

वऱ्हाडी_बाप्या
काऊन बाप्पा, घरातल्या घरात पोस्ट? उशीखाली ठेवा ना त्याच्या.

खामल्याची_सून
उमरेड रोड दादा, त्यानं स्वतःहून लिहिलं तरच. आणि चांगल्या पेपरच्या दिवशी लिहू दे, मार्कांसकट.
राहिलेलं सांगते. २ मेपासून दुसरं औषध, दर आठवड्याला, बारा वेळा. त्यात सतरावा दिवस येतच नाही! पत्र म्हणतंय थांब, बरा आठवडा येईल, आणि तो काही येईना. बोटांना मुंग्या यायला लागल्या तर मी "सहन कर" असं स्वतःच खाली जोडलं. हीच माझी चूक. ब्लाउजची हुकं लागेनात तेव्हा कुठे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, हे आधीच सांगायचं असतं, डोस कमी करता येतो. आजही डाव्या पायाची बोटं बधिर आहेत. वहिनीला सांगितलंय, औषध बदललं की पत्र फाडून नवीन लिही.

एकटा_कावळा
मला हे सगळं जरा जड जातंय. आईच्या वेळी आम्ही भावंडांनी तिला असंच लिहायला बसवलं होतं. तिनं कोरा कागद परत दिला. म्हणाली, "माझ्याकडून आता गृहपाठ नको." तिचं बरोबर होतं असं मला वाटतं. जिला नको तिला यातून मोकळं ठेवा.

खामल्याची_सून
खरं आहे दादा. वहिनीला मी अजून वही दिलेली नाही, तिनं विचारलं म्हणून सांगतेय फक्त.

रात्रपाळी
केमो नाही, माझं डिप्रेशनचं वर्ष होतं. माझ्या पत्रात खूप छान छान होतं, पण ज्या रात्री खरंच जीव नकोसा झाला तेव्हा डब्बा उघडायचंही सुचलं नाही. आता दाराला आतून चिठ्ठी लावली आहे, भावाचा नंबर आणि १४४१६. टेली मानस आहे ते, सरकारी, रात्रीही लागतं. पत्र असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

सिस्टर_मेडिकल_चौक
+१. आणि घरातल्या एकाला तरी पत्र कुठे आहे ते माहीत हवं.

बायकोचा_ड्रायव्हर
पत्र कुठे आहे ते माहीत असणारा तो घरातला एक मी होतो आमच्याकडे. बायको रडली की मी लगेच पत्र आणून द्यायचो. तिसऱ्या वेळी भांडी आपटून म्हणाली, "मी रडून राहिले तर रडू दे ना, कागद काय दाखवतोस." कधी द्यायचं आणि कधी गप बसायचं हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. कुणाला जमलं?

वऱ्हाडी_बाप्या
भाऊ, नवऱ्यांना ते जमत असतं तर...
बरं, एक उपयोगाचं. सासऱ्यांची केमो ऐन मेमध्ये होती. पाऱ्याचा थर्मामीटर खिडकीत ठेवला होता, बघतो तर १०८! पंचेचाळीसच्या उन्हात कितीही झटका, पारा खाली येतच नाही. नळाचं पाणीही तापलेलं. मग माठाच्या पाण्यात बुडवून, झटकून, लगेच काखेत लावायचो.

खामल्याची_सून
अगदी! आमचा माठाच्या बुडाशीच ठेवलेला असायचा. पत्रात लिहिलं होतं, "थर्मामीटर माठाजवळ."

उमरेड_रोड
मुलगा म्हणतो लिहितो पण तुम्ही वाचायचं नाही. ठीक आहे का?

सीताबर्डी_मावशी
आम्ही तर तोंड आलेलं असताना नणंदेला सावजी चाखवलं होतं, तिच्याच हट्टानं. दोन दिवस बोलली नाही बाई. कूलरची वाळ्याची ताटी कुणाला चांगली मिळाली का यंदा?