टाकी ओसंडतेय आणि दिवे अर्ध्यावर: पाणीपातळी दाखवणाऱ्या यंत्राचे अनुभव

रानजाई
आमचं घर सोलापूरला, पाणी बोअरचं. गच्चीवर १००० लिटरची टाकी आणि खाली जिन्यापाशी २५, ५०, ७५, १०० असे चार दिव्यांचा डबा. गेल्या आठवड्यात टाकी ओसंडून पाणी भिंतीवरून वाहत होतं, तरी दिवे ५० वरच. वर जाऊन टाकीत टांगलेल्या, पाणी टेकलं की दिवा लावणाऱ्या सळ्या बाहेर काढल्या, तर वरच्या दोन्हींवर पांढरा खडखडीत थर. खालच्या सळ्या सतत पाण्यात असतात, वरच्या रोज भिजतात आणि सुकतात, म्हणून त्यांच्यावर क्षार जास्त धरले असावेत. व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासल्या. ७५ लागला, १०० लागेना. वैतागून वायर हलवली आणि तोही लुकलुकला! झाकणाजवळ टेप गुंडाळलेला जोड होता, आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली. म्हणजे एकाच वेळी दोन बिघाड. सळ्या घासून मी थांबले असते, तर नवा डबा आणायला निघालेच असते. तुमच्याकडे काय झालं आणि दोष नेमका कुठे आहे हे कसं कळलं, ते लिहा.

तारजोड
ताई, हे काम मी बरीच वर्षं करतोय. वर चढायच्या आधी खालून सुरुवात करा. मोटर याच डब्यावर आपोआप चालत असेल तर आधी ती बंद करा. डब्यात २३० व्होल्ट येत असतील तर मेन पाडल्याशिवाय तो उघडूच नका, ते काम वायरमनचं.

साधा अडॅप्टरवाला डबा असेल तर टाकीकडून आलेल्या सगळ्या वायरी सोडवा. आता एकही दिवा लागता कामा नये. मग वायरचा तुकडा घेऊन कॉमनचा, म्हणजे सगळ्या पातळ्यांना सामाईक असलेल्या वायरचा, स्क्रू २५ च्या स्क्रूला जोडा, तो तसाच ठेवून ५०, मग ७५, असं वर जा. काही डबे खालची पातळी लागल्याशिवाय वरची दाखवतच नाहीत, म्हणून हा क्रम. सगळे दिवे लागले तर डबा ठणठणीत. वायरी परत जोडून गच्चीवर जा, सळ्या पाण्याबाहेर काढून पुसा आणि वायरीच्या टोकांना हाच खेळ करा. खाली कुणीतरी फोनवर दिवे सांगत राहील. इथेही लागले तर दोष सळ्यांचा, नाहीतर मधल्या वायरीचा. सगळेच दिवे एकदम गेले असतील तर आधी अडॅप्टर बघा, मग कॉमनची वायर.

घाटमाथा
एवढी खटपट कशाला? तांब्याच्या तारा काढा, स्टीलच्या सळ्या घाला. परत बघायला नको.

तारजोड
अर्धं बरोबर आहे. तांब्यापेक्षा स्टील खूप टिकतं, पण क्षार स्टीलवरही धरतात. शिवाय ज्या डब्यातून सळ्यांना सतत एकाच दिशेचा करंट जातो, तिथे पॉझिटिव्हकडची सळी हळूहळू झिजते. म्हणून थांबून थांबून किंवा दिशा बदलून करंट देणारा डबा चांगला.

चिकूवाडी
आमचं यंत्र रात्री चुकतं. झोपताना १००, सकाळी ५०, आणि कुणी नळ उघडलेला नसतो.

रानजाई
मग ते खरंच सांगत असेल! फ्लशची टाकी झिरपतेय का बघा. मोटरच्या पाइपातला वॉल्व्ह धरत नसला, तरी पाणी खाली उतरू शकतं.

खाडीकाठ
आमच्याकडे, रत्नागिरीजवळ, उलटाच प्रकार. टाकी रिकामी आणि दिवे पूर्ण, तेही पावसाळ्यातच. मोटर चालूच होईना, दोन दिवस पाण्यावाचून काढले. सगळ्या सळ्या एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीत होत्या, पट्टीवर शेवाळ, त्यातली ओल सळ्यांना आपसात जोडत होती. फडक्याने कोरडी केली, दिवे लगेच गेले. आता प्रत्येक सळी वेगळी, हातभर अंतरावर टांगली आहे.

दुसरामजला
आमचा आकड्यांचा डबा. टाकी 80 टक्के भरलेली असताना 00 दाखवायचा, आई घाबरून मोटर लावायची. सळ्या दोनदा धुतल्या, उपयोग शून्य. शेवटी भाच्याच्या लक्षात आलं, डबा चालू करताना क्षणभर 88 यायला हवं, तिथेही 00 येतंय. आकड्यांतली मधली आडवी दांडीच पेटत नव्हती!

रानजाई
हे कधीच सुचलं नसतं. माझा जोड नवा केलाय, रबरी नळीत बंद करून. पण रोज संध्याकाळी तासभर ७५ चा दिवा अजून मंद होतो, पाणी त्याच्या बरंच वर असूनही.

तारजोड
त्या वेळी अडॅप्टरचे व्होल्ट मोजा. मात्र फक्त ७५ च मंद होत असेल, तर अडॅप्टरवर माझाही पूर्ण विश्वास नाही. मोजून आकडा इथे टाका.