पायथनमधला is: ‘आहे’ की ‘तोच’?

संध्यावर्ग
वाचनालयात आठवड्यातून दोनदा मुलांना पायथन शिकवते. टिपणं मराठीत लिहिते. == ला ‘सारखं आहे का’ आणि is ला ‘आहे का’ असं लिहिलं होतं. वर्गात मी हे करून दाखवलं:

```python
उत्तर = input("पुढे जायचं? ")
if उत्तर is "y":
    print("चला")
else:
    print("थांबा")
```

y टाइप केलं, ‘चला’ आलं. एका मुलीने घरी "y" च्या जागी "हो" केलं. आता ती हो टाइप करते आणि कार्यक्रम म्हणतो ‘थांबा’. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “ताई, उत्तर ‘हो’ आहे. is म्हणजे ‘आहे’ असं तुम्हीच सांगितलंत.” माझं तोंड बंद. इथे == हवं होतं हे आता कळलं, पण मग is ला मराठीत काय म्हणू?

लोकलवाला
ताई, is फक्त आकड्यांना चालतं, तेही 256 पर्यंत. स्ट्रिंगला नेहमी False येतं. टिपणात एवढंच लिहा, शब्द शोधत बसू नका.

खटपट्या
नेहमी False येत असतं तर बरं झालं असतं, पहिल्याच दिवशी चूक पकडली गेली असती. ताईंच्या वर्गात "y" चाललं की! सीपायथन इंग्रजी एकेरी अक्षरांचे तयार नग आधीच ठेवतो आणि दर वेळी तोच नग हातात देतो. म्हणून input मधून आलेला y आणि कोडमधला y हा खरोखर एकच नग निघाला. ‘हो’ मात्र input ने त्या क्षणी नवा घडवला. अक्षरं तीच, नग वेगळा.

256 चं म्हणाल तर -5 ते 256 हे पूर्णांक तसेच तयार ठेवलेले असतात, ते बरोबर. पण 257 लाही कधी कधी True येतं, म्हणजे तो नियम धरून चालू नका.

अप्रस्तुत
शब्द आपल्याकडे पूर्वापार आहे: तादात्म्य. ‘सोऽयं देवदत्तः’, काल पाहिला तोच हा देवदत्त. is म्हणजे ‘अभिन्न’, == म्हणजे ‘समान’. ‘नग’ काय, मंडईत आहोत का आपण?

संध्यावर्ग
मुलं आठवीतली आहेत हो. ‘अभिन्न’ म्हटलं की अपूर्णांक काढतील.

भाकरतुकडा
साधा ‘तोच’ घ्या ना. == म्हणजे ‘तसाच’, is म्हणजे ‘तोच’. बायको विचारते, “हा तोच शर्ट?” मी म्हणतो, “तसाच, दुसरा.” दोन घेतले होते सेलमध्ये. (तिचा अजून विश्वास नाही.)

निवृत्त खातेनीस
आमच्या कचेरीत पेन्शनच्या यादीत एकाच नावाचे दोघे होते. वडिलांचं नावही तेच. एकाचा फरक दुसऱ्याच्या खात्यात गेला आणि सहा महिने पत्रव्यवहार माझ्या नशिबी आला. ‘नाव तेच, माणूस वेगळा’ हा शेरा मी स्वतः फाइलवर मारला आहे. तेव्हा आधार क्रमांक टाकल्याशिवाय तुलना करू नये. तुमच्या पायथनात तशी सोय नाही का?

खटपट्या
काका, सोय आहे. id(उत्तर) लिहिलं की त्या नगाचा क्रमांक मिळतो, आणि is ते क्रमांकच ताडून बघतं. पण आधारसारखा तो जन्मभराचा नसतो. नग मोडीत निघाला की तोच क्रमांक दुसऱ्याला मिळू शकतो.

पण तुमच्या शेऱ्याने भाकरतुकड्यांचा ‘तोच’ गोत्यात आला. ‘नाव तेच’ मध्ये ‘तेच’ म्हणजे ==! मराठीत ‘तेच’ दोन्हीकडे चालतं. ‘तेच उत्तर आलं’ म्हणतो तेव्हा उत्तराचा नग कोण बघतो?

भाकरतुकडा
मग ‘हाच तो’? चोर ओळखताना म्हणतात तसं. तिथे सारखा दिसणारा चालत नाही.

लोकलवाला
खटपट्या, तुमचं खोटं पाडायला बसलो होतो. माझ्याकडे 3.11 आहे, हे बघा:

```
>>> a = "pune"
>>> b = "pune"
>>> a is b
True
>>> a = "पुणे"
>>> b = "पुणे"
>>> a is b
False
```

हा मराठीवर अन्याय आहे! आणि गंमत म्हणजे हेच फाइलमध्ये लिहून चालवलं तर दोन्हीकडे True.

खटपट्या
अन्याय म्हणा हवं तर. कोडमधली स्ट्रिंग नुसत्या इंग्रजी अक्षरांची, अंकांची आणि अंडरस्कोरची असेल, तर ती कुठेतरी नाव म्हणून लागेल अशा हिशेबाने पायथन तिची एकच प्रत सामायिक साठ्यात ठेवतो. याला इंटर्न करणं म्हणतात. "पुणे" त्या चाळणीतून जात नाही. मध्ये मोकळी जागा आहे म्हणून "pune station" पण जात नाही, म्हणजे इंग्रजीही पूर्ण सुटलेली नाही.

फाइलचं कारण वेगळं. तिथे अख्खी फाइल एकदम कंपाइल होते, आणि दोनदा लिहिलेलं "पुणे" कंपायलर एकदाच साठवतो. प्रॉम्प्टवर प्रत्येक ओळ स्वतंत्र कंपाइल होते, म्हणून दोन नग. आणि हे सगळं आजच्या आवृत्तीचं. भाषा यातल्या कशाचीच हमी देत नाही, उद्या बदलेल.

रातपाळी
इंटर्न? आमच्या हॉस्पिटलात इंटर्न म्हणजे छत्तीस तास जागा असलेला प्राणी. त्याचीही सगळ्या वॉर्डांत मिळून एकच प्रत असते.

अप्रस्तुत
मूळ एकच: लॅटिन ‘internus’, आतला. युद्धात परकीयांना डांबून ठेवतात तेही ‘इंटर्न’ करणंच. तेव्हा स्ट्रिंगला ‘स्थानबद्ध करणे’ म्हणावे.

भाकरतुकडा
मुलं विचारतील, गुन्हा काय केला होता तिने.

संध्यावर्ग
एक राहिलं. वाचनालयातल्या संगणकावर 3.6 आहे, तिथे काही ओरड झाली नाही. मुलीच्या घरी मात्र `SyntaxWarning: "is" with a literal. Did you mean "=="?` असं आलं होतं म्हणे. तिने दुर्लक्ष केलं, कारण ताईंनी शिकवलेलं चूक कसं असेल.

खटपट्या
3.8 पासून येतं ते. पण is च्या शेजारी थेट आकडा किंवा स्ट्रिंग लिहिली असेल तरच. `उत्तर is अपेक्षित` असं लिहिलंत, तर दोन्ही चलं असल्यामुळे तो गप्प बसतो. माझ्याकडून हेच झालं होतं. चाचणीत दोन्ही स्ट्रिंग कोडमध्येच लिहिलेल्या, म्हणून सगळं हिरवं. प्रत्यक्षात एक फाइलमधून वाचलेली आली आणि एकही नोंद जुळेना. मुलांना सांगा, is फक्त `is None` साठी, कारण None चा नग अख्ख्या कार्यक्रमात एकच असतो. बाकी सगळीकडे ==.

न्यूजर्सीकर
== वर एवढा भरवसा नको. मी मराठी शब्दयादी करतोय. ‘दुसऱ्या’ दोनदा दिसला, डोळ्यांना तंतोतंत सारखा, पण == म्हणतं False. len घेतलं तर एकाचं 7, दुसऱ्याचं 8. एकात ऱ हे एकच चिन्ह, दुसऱ्यात र आणि त्यानंतर वेगळा नुक्ता. तुलनेआधी दोन्हींवर `unicodedata.normalize("NFC", s)` चालवलं तेव्हा कुठे जुळले. ‘सारखं’ म्हणजे कोणाला सारखं, हे पण टिपणात लिहा.

अप्रस्तुत
मराठीत नुक्ता नसतोच. ती उर्दूची लकब.

न्यूजर्सीकर
मग तुमच्या ‘दुसऱ्या’तला र खाली टिंब घेऊन काय करतोय?

अप्रस्तुत
ते टिंब नुक्ता नव्हे. तो अर्धा र आहे, त्यासाठी वेगळा धागा काढतो.

संध्यावर्ग
गुरुवारी वर्ग आहे. फळ्यावर ‘हाच तो’ लिहू का?

निवृत्त खातेनीस
खाली क्रमांकही लिहा.